टायर बदलल्यावर डोलणारे चाक : नट पुन्हा आवळण्याआधी काय पाहावे

परवा गाडीचे पुढचे दोन्ही टायर बदलून घेतले. साधारण ६० किलोमीटर गेल्यावर डावीकडून टक-टक असा आवाज येऊ लागला आणि स्टिअरिंग डोलू लागले. थांबून पाहिले तर चारपैकी तीन नट हाताने फिरत होते. पान्याने सगळे आवळले, पण एक नट नुसताच फिरत राहतो, घट्ट होत नाही. डोलणे कमी झाले आहे, पण पूर्ण गेलेले नाही. बॅलन्सिंग करून घ्यावे का? आणि तोपर्यंत गाडी वापरली तर चालेल का?

गाडी सध्या जिथे उभी आहे तिथेच राहू द्या. बॅलन्सिंगचा विचार अगदी शेवटी करायचा आहे. तुमच्यापुढचा खरा प्रश्न डोलण्याचा नाही. जे चाक काही किलोमीटर सैल अवस्थेत धावले आहे, त्याचे नट पुन्हा आवळल्याने ते चाक पूर्ववत होते का, हा तो प्रश्न आहे. माझ्या अनुभवात ते सहसा होत नाही. सैल चालताना चाकाने स्टड म्हणजे नट ज्यांवर चढतात ते आट्यांचे दांडे, नट आणि रिमची भोके या तिन्हींना थोडेफार खाल्लेले असते, आणि शिवाय नट मुळात ज्या कारणाने सैल झाले ते कारण चाकामागे अजून तसेच बसलेले असते.

गाडी न पाहता काही गोष्टी मी ठामपणे सांगू शकत नाही. रिम लोखंडी आहे की अलॉय, चाक सैल झाल्यावर नेमके किती अंतर आणि किती वेगाने गेले, आवळताना पान्यावर किती जोर पडला, यावर नुकसान अवलंबून असते. काही गाड्यांत हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरणाऱ्या भागातून, बाहेर आलेले स्टड नसतात. तिथे बोल्ट थेट हबच्या आट्यांत जातात. तुम्ही नट म्हणत आहात म्हणून मी स्टडची गाडी धरून चालतो.

चाक हबवर टिकते कशामुळे, ते आधी पाहू. बहुतेकांना वाटते की चाक त्या चार स्टडवर खिळ्याला अडकवल्यासारखे लटकलेले असते. तसे नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे तो रिमला हबच्या सपाट पृष्ठभागावर दाबून धरतो. गाडीचे वजन, ब्रेकचा झटका, वळणावरचा रेटा हे सगळे त्या दोन पृष्ठभागांमधील घर्षण सोसते. स्टडचे काम फक्त दाबून धरण्याचे आहे. १२ मिलिमीटरच्या स्टडवरचा नट १०० न्यूटन-मीटर टॉर्कने, म्हणजे तेवढ्या पिळण्याच्या जोराने, आवळला, तर एक स्टड अंदाजे ४ टन वजनाएवढा दाब देतो. चार स्टड मिळून तो १६ टनांच्या आसपास जातो, आणि म्हणूनच हबवर रिम तसूभरही सरकत नाही.

आता या आकड्याची दुसरी बाजू पाहा. एवढा ताण देण्यासाठी स्टड जेमतेम ५ ते ६ शतांश मिलिमीटर लांबतो, म्हणजे साध्या कागदाच्या निम्म्या जाडीएवढा. सगळी पकड त्या एवढ्याशा लांबण्यात साठवलेली असते. रिम आणि हब यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा, वाळलेला चिखल किंवा रंगाचा जाड थर राहिला असेल, तर नट आवळताना तो घट्टच लागतो, पान्यालाही काही वेगळे जाणवत नाही. पण गाडी चालू लागली, खड्डे आणि ब्रेक यांचे हादरे बसू लागले की तो थर चुरडतो. तो कागदाच्या अर्ध्या जाडीने जरी दबला, तरी स्टडचे लांबणे संपते आणि दाब शून्यावर येतो. येथे नट फिरून उलटा आलेला नसतो. तो जागच्या जागी असतानाच त्याच्याखालची जमीन खचलेली असते. पकड गेल्यावर रिम हबवर सूक्ष्म सरकू लागते, आणि मग ते सरकणेच नटांना उलटे फिरवते. टायर बदलल्यानंतर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरमध्येच हा त्रास का उद्भवतो, याचे उत्तर यात आहे.

बॅलन्सिंग बिघडल्याची थरथर वेगळी असते. ती साधारणपणे ताशी ८० किलोमीटरच्या पुढे एका ठरावीक वेगाच्या पट्ट्यात जाणवते, त्याखाली गाडी शांत असते, आणि तिच्याबरोबर टक-टक आवाज येत नाही. सैल चाक मात्र अगदी हळू जातानाही डोलते, त्याचा आवाज चाकाच्या फेऱ्यांबरोबर जलद किंवा मंद होतो, आणि वळताना किंवा ब्रेक दाबताना त्याची जात बदलते. टायर रिमवर नीट बसलेला नसेल तर हळू वेगात, साधारण २० ते ४० किलोमीटरच्या दरम्यान, गाडी एका बाजूने उचलल्यासारखी हलते; तिथे आवाज नसतो. तुमच्या वर्णनात आवाज आहे आणि नट हाताने फिरले आहेत, तेव्हा पहिले निदान करण्यासाठी यंत्राची गरजच नाही.

जॅकवर चाक उचलून एक साधी तपासणी मात्र करावी. जॅक सपाट, टणक जमिनीवर असू द्या, आणि गाडीखाली शरीराचा कोणताही भाग घालू नका. चाकाला वरून आणि खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या व्यक्तीला ब्रेकचे पेडल दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला, तर तो बेअरिंगचा असण्याची शक्यता अधिक असते, कारण ब्रेकने डिस्कला धरून ठेवल्यामुळे हबची हालचाल थांबते. ब्रेक दाबूनही चाक तसेच हलत असेल, तर एकतर रिम हबवर सैल आहे किंवा सस्पेन्शनच्या सांध्यात झीज आहे. रिम आणि हब यांच्यामधल्या फटीत विजेरी मारली की यांपैकी कोणते ते बहुतेक वेळा डोळ्यांनी दिसते.

आता तुमच्या त्या नुसत्याच फिरणाऱ्या नटाकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नातला सर्वांत गंभीर भाग तोच आहे. नट फिरत राहतो त्याची दोन कारणे असतात. एक म्हणजे नटाचे किंवा स्टडचे आटे गेलेले असतात. दुसरे म्हणजे संपूर्ण स्टडच हबमध्ये फिरत असतो. स्टडच्या डोक्याजवळ बारीक दाते असतात आणि ते हबच्या भोकात दाबून बसवलेले असतात. ते दाते घासले गेले की स्टड सुटतो. ओळखायला सोपे आहे. स्टडच्या बाहेर दिसणाऱ्या टोकावर खडूने एक रेघ मारा आणि नट फिरवा. रेघ नटाबरोबर फिरली तर स्टड हबमध्ये सुटला आहे. रेघ स्थिर राहून फक्त नट फिरला तर आटे गेले आहेत. नट टोपीसारखा बंद असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथे चाकामागून स्टडच्या डोक्याकडे पाहावे लागते. कारण कोणतेही असो, तो स्टड पकडीच्या हिशेबातून बाद झाला. पाच स्टडच्या गाडीत एकच स्टड खराब असेल आणि उरलेले चार कधीच सैल झालेले नसतील, तर मी स्वतः अगदी हळू वेगाने जवळच्या गॅरेजपर्यंत गाडी नेईन. चार स्टडच्या गाडीत, उरलेले तिन्ही आधीच सैल धावलेले असताना, मी ती शंभर मीटरही नेणार नाही. गाडी उचलून नेणाऱ्या वाहनावर चढवा, किंवा मेकॅनिकला जागेवर बोलवा.

माझ्याकडे आलेली एक गाडी सांगतो, कारण तिचा क्रम तुमच्यासारखाच होता. नऊ वर्षे जुनी छोटी कार, चार स्टड, अलॉय रिम. टायर बदलल्यावर ७० किलोमीटरवर चाक वाजू लागले, मालकांनी गाडीतला पाना काढून, त्यावर पाय देऊन नट आवळले. आवाज थांबला. पुढे ३० किलोमीटरवर पुन्हा तेच झाले, आणि या वेळी एक नट फिरतच राहिला. त्यांची तक्रार अशी होती की टायरवाल्याने नट आवळलेच नाहीत. तसे झाले असते तर दुसऱ्यांदा, त्यांनी स्वतः पाय देऊन आवळल्यावर, नट सैल व्हायला नको होते. दुसरी वेळ हाच माझ्यासाठी पुरावा होता की दोष नटात नसून नटाखाली आहे.

चाक उतरवल्यावर रिमच्या आतल्या सपाट भागावर, दोन भोकांच्या मध्ये, नखाएवढा एक काळपट ठसा दिसला. हबवर नेमक्या त्याच जागी गंजाचा एक पापुद्रा चिकटलेला होता. अर्धा चुरडलेला, अर्धा टणक. जुने चाक उतरवताना तो सुटला आणि नवे बसवताना मध्ये सापडला, एवढीच ती गोष्ट. हबच्या मधोमध पुढे आलेला जो गोल कंगोरा असतो, ज्यावर रिमचे मधले भोक बसते, तोही गंजाने फुगला होता. त्यामुळे रिम त्यावर पूर्ण सरकत नव्हती आणि एका कडेला किंचित तिरकी राहत होती. नटांनी तिला जोराने ओढून घेतल्यासारखे वाटले, पण ती खऱ्या अर्थाने टेकलीच नव्हती.

मग स्टड पाहिले. एकाचे आटे पूर्ण सपाट झाले होते. उरलेल्या तिघांचे आटे दिसायला बरे होते, पण दिसण्यावर मी विश्वास ठेवत नाही. नवा नट हातात घेऊन, पान्याशिवाय, प्रत्येक स्टडवर मुळापर्यंत फिरवून पाहतो. एका स्टडवर तो पाचव्या फेरीला अडला. अशा जागी आटे ताणले गेलेले असतात, म्हणजे स्टड एकदा आपल्या मर्यादेपलीकडे खेचला गेलेला असतो आणि आता परत आखडत नाही. याची खात्री करायची असेल तर काढलेला स्टड नव्या स्टडला चिकटवून, आट्यांत आटे बसवून, दिव्यासमोर धरावा. लांबलेल्या भागात आटे एकमेकांत बसत नाहीत आणि फटीतून उजेड दिसतो. पान्यावर पाय देण्याचा परिणाम तो हाच. माणसाचे वजन ६० किलो धरले आणि पाना ३० सेंटिमीटरचा धरला, तर टॉर्क १७५ न्यूटन-मीटरच्या पुढे जातो. त्या गाडीला १०० पुरेसे होते. हवेच्या गनने तर याहूनही अधिक जोर लागू शकतो, आणि तो किती लागला हे कोणालाच कळत नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती रिमची भोके. नटाचे तोंड निमुळते असते आणि रिमच्या भोकाला त्याच उताराची बैठक असते. सैल चाकाने ही बैठक आतून कुटून काढलेली असते. त्या गाडीत दोन भोके गोल राहिली नव्हती, लंबगोल झाली होती, आणि त्यांच्या उतारावर चकचकीत लाटा उमटल्या होत्या. अशा बैठकीवर नवा नट फक्त दोन बिंदूंवर टेकतो, ते बिंदू पुढे दबतात, आणि पकड पुन्हा जाते. मालकांना स्टड बदलणे पटले, रिम बदलणे पटेना, कारण बाहेरून ती नव्यासारखी होती. मी ती रिम पुन्हा बसवायला नकार दिला. भोक भरून नव्याने कापून घेण्याचे काम काही जण करतात, पण चाकाच्या बैठकीबाबत मला ते मान्य नाही. सैल चाकाचा मागमूस तुम्हाला तुमच्या रिमवरही शोधता येईल. भोकाभोवती काळी किंवा तपकिरी पावडर, नटापासून बाहेरच्या दिशेने गेलेले गंजाचे ओघळ, आणि बैठकीतली ताजी चमक या तिन्ही गोष्टी एकच कथा सांगतात.

येथे दोन शक्यता आणखी नोंदवतो, कारण गंज न सापडल्यास तुम्हाला त्यांच्याकडे वळावे लागेल. पहिली म्हणजे नटाचा प्रकार. काही रिमना सरळ उताराचा नट लागतो, काहींना गोलसर तोंडाचा, तर काहींना वॉशरसह सपाट. लोखंडी स्टेपनीचे आणि अलॉय रिमचे नट एकत्र मिसळले गेले, की आटे जुळतात, नट आवळलाही जातो, पण बैठक जुळत नाही. काढलेल्या नटाच्या तोंडावर रुंद, सारखा पट्टा घासलेला दिसण्याऐवजी कडेला केसाएवढी बारीक चमकदार रेघ दिसली, तर नट चुकीचा आहे. दुसरी शक्यता बाजारातून घेतलेल्या रिमची. अशा रिमचे मधले भोक बऱ्याचदा हबच्या कंगोऱ्यापेक्षा मोठे असते आणि ती फट भरायला प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची एक रिंग घालतात. टायर बदलताना ती रिंग खाली पडते, किंवा दुसऱ्याच रिमला चिकटून राहते. मग चाकाला मध्यावर धरायला फक्त नट उरतात, आणि गाडी जमिनीवर असताना घाईने आवळले तर चाक किंचित खाली बसलेल्या स्थितीतच घट्ट होते. हे चाक सैल नसते, तरी डोलते.

आतापर्यंतचा हिशेब थोडक्यात असा: नट सैल होण्याचे मूळ बहुधा रिम आणि हब यांच्यामध्ये किंवा नटाच्या बैठकीत असते, आणि सैल धावल्याचे नुकसान स्टड, नट व भोके या तिन्ही ठिकाणी शोधावे लागते. दुरुस्तीचा क्रमही त्यावरूनच ठरतो.

एकच स्टड गेला असला तरी त्या चाकाचे चारही स्टड आणि चारही नट बदलावेत, असे माझे मत आहे. काही मेकॅनिक फक्त तुटलेला आणि त्याच्या शेजारचे दोन बदलतात. चार स्टडच्या चाकात शेजारचे दोन धरले तर उरतो एक, आणि तो एक वाचवून काही साधत नाही. जुना स्टड हबमधून मागच्या बाजूला निघतो. तो काढण्यासाठी दाबणारे साधन वापरणे उत्तम, कारण हातोड्याचे घाव थेट बेअरिंगवर पोचतात. काही गाड्यांत मागे धूळ अडवणारा पत्रा किंवा सस्पेन्शनचा भाग आडवा येतो आणि संपूर्ण हब उतरवावा लागतो. म्हणून या कामाला किती वेळ लागेल हे गाडी पाहिल्याशिवाय कोणी सांगू नये. नवा स्टड मागून घालून, त्याचे दाते जुन्या खाचांशी जुळवून, पुढून चार-पाच जाड वॉशर आणि एक नट उलटा, म्हणजे सपाट बाजू आत करून, लावतात आणि हाताच्या पान्याने स्टड हळूहळू ओढून घेतात. त्याचे डोके मागे सर्व बाजूंनी टेकले आहे हे आरसा धरून पाहावे. ओढण्यासाठी वापरलेला नट नंतर चाकाला लावायचा नाही, कारण त्याच्या आट्यांनी आपले आयुष्य त्यातच खर्च केलेले असते. डोके पूर्ण टेकले नसेल तर पुढे ते हादऱ्यांनी आत सरकते, आणि आपण कागदाच्या अर्ध्या जाडीचे जे गणित पाहिले ते पुन्हा लागू होते.

स्टड बदलल्यावर सफाई. हबचा सपाट भाग, मधला कंगोरा, ब्रेक डिस्कची पुढची बाजू आणि रिमची आतली बाजू तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासून काढावी. डिस्क सुटी निघणारी असेल तर तीही उतरवून तिच्यामागे पाहावे. पापुद्रा तिथे अडकला की रिमकडची सगळी मेहनत वाया जाते. गंज पुन्हा धरू नये म्हणून मी मधल्या कंगोऱ्यावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवतो. सपाट भागावर, नटाच्या बैठकीवर आणि आट्यांवर मात्र काहीही लावत नाही. अनेक जण नट पुढे सहज निघावा म्हणून आट्यांना तेल लावतात. उत्पादक देतात तो टॉर्कचा आकडा बहुतेक गाड्यांत कोरड्या आट्यांसाठी असतो. आवळण्याच्या जोरातला जवळजवळ नऊ-दशांश भाग घर्षणातच जातो आणि जेमतेम एक-दशांश स्टडला ताणतो. तेलाने घर्षण कमी झाले की तोच टॉर्क स्टडला कितीतरी अधिक ताणतो. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळे लिहिले असेल तर अर्थातच पुस्तिका प्रमाण.

चाक बसवताना ते हवेत असू द्यावे. हाताने धरून कंगोऱ्यावर पूर्ण आत ढकलावे आणि सोडल्यावर ते तिथेच टेकून राहते का, हे पाहावे. चारही नट बोटांनी सुरू करून बोटांनीच शक्य तितके आत न्यावेत. नट पहिल्या दोन फेऱ्यांतच जड लागला तर आटा आडवा धरला आहे. तो उलटा काढून पुन्हा सुरू करावा. गनने सुरुवात केली तर हा इशारा मिळतच नाही, आणि माझ्या पाहण्यातले निम्मे खराब स्टड अशाच सुरुवातीचे बळी आहेत. नट घट्ट झाल्यावर तो स्टडच्या आट्यांत निदान स्टडच्या जाडीएवढा आत गेलेला हवा. १२ मिलिमीटरच्या, दीड मिलिमीटर अंतराचे आटे असलेल्या स्टडवर याचा अर्थ आठ फेऱ्या होतो. जाड अलॉय रिमला जुने आखूड नट लावले की नेमकी येथेच कमतरता पडते.

त्यानंतर समोरासमोरच्या क्रमाने, चाक हवेत असतानाच, हलक्या हाताने सगळे नट बैठकीत बसवावेत. मग गाडी इतकीच खाली घ्यावी की टायर जमिनीला टेकेल आणि फिरणार नाही, पण पूर्ण वजन येणार नाही. आता लावलेला आकडा गाठल्यावर टिक असा आवाज करणारा टॉर्क पाना, त्याच क्रमाने, टप्प्याटप्प्याने. त्या छोट्या गाडीला मी आधी ४०, मग ७५ आणि शेवटी १०० न्यूटन-मीटर दिले. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत मिळेल. छोट्या गाड्यांत तो बहुधा ८५ ते ११० च्या दरम्यान असतो, मोठ्या गाड्यांत त्याहून बराच जास्त. पान्याने एकदा टिक केले की थांबावे. खात्रीसाठी म्हणून तीन-चार वेळा टिक-टिक करणारे हात प्रत्येक वेळी थोडा थोडा टॉर्क वाढवत असतात.

काम येथे संपत नाही. ५० ते १०० किलोमीटरनंतर, चाक गार असताना, टॉर्क पाना त्याच आकड्यावर ठेवून प्रत्येक नट तपासावा. आधी सैल करायचा नाही, सरळ आवळण्याच्या दिशेने टिक होईपर्यंत ओढायचे. वर सांगितलेल्या गाडीत पहिल्या तपासणीला दोन नट जरासे हलले, अंश-दोन अंश म्हणता येतील इतके. नवे स्टड आणि नव्या बैठका थोड्या स्थिरावतात, त्यामुळे ते मी साहजिक मानले. आणखी १०० किलोमीटरवर पाहिले तेव्हा एकही हलला नाही. नट पाव फेरीसारखा फिरला असता, तर तो आवळून मी गाडी परत दिली नसती; चाक पुन्हा उतरवले असते, कारण खाली काहीतरी अजून दबत आहे असाच त्याचा अर्थ होतो.

हे सगळे करूनही तुमची गाडी डोलली, तर संशय टायरच्या बसण्यावर घ्यावा. टायरच्या बाजूला, रिमच्या कडेला लागून, सभोवार गेलेली एक बारीक उठावदार रेघ असते. रिमची कड आणि ही रेघ यांच्यातले अंतर सगळीकडे सारखे हवे. एखाद्या ठिकाणी रेघ कडेखाली गडप झाली असेल, तर टायरची बीड, म्हणजे रिममध्ये बसणारी आतली जाड कड, तिथे पूर्ण वर आलेली नाही. चाक हवेत फिरवून, जमिनीवर टेकवलेल्या एखाद्या वस्तूचे टोक टायरजवळ स्थिर धरले की वर-खाली किंवा आत-बाहेर होणारी हालचाल लगेच दिसते. उपाय म्हणजे हवा काढून, बीड पुन्हा सोडवून, कडेला साबणाचे वंगण लावून टायर नव्याने फुगवणे. बीड बसत नाही म्हणून हवेचा दाब ४० पीएसआयच्या वर नेऊ नये. तेवढ्यावर बसली नाही तर हवा सोडून पुन्हा सुरुवात करावी, कारण अडलेली बीड तुटली तर जवळच्या माणसाला गंभीर इजा होऊ शकते. त्यानंतरही ठरावीक वेगाला थरथर उरली, तर मग बॅलन्सिंग.

तुमच्या उजव्या पुढच्या चाकाचाही विसर पडू देऊ नका. ते त्याच हातांनी, त्याच दिवशी, बहुधा त्याच सफाईने बसवलेले आहे. तेही उतरवून हब पाहा. तिथे नट नवे घ्यावेत की नाही, ते भोकांतली चमक पाहून ठरवा. डाव्या चाकाचे काढलेले स्टड आणि नट लगेच फेकू नका. टायर जिथे बदलले तिथे बोलणे करायचे असेल, तर चुरडलेल्या पापुद्र्याचा फोटो आणि तो सपाट झालेला स्टड समोर ठेवून बोला.